वॉशिंग मशीन विकायचंय: किंमत कशी लिहावी?

बी-304: वॉशिंग मशीन विकणे आहे. फ्रंट लोड, 7 किलो, 2021 ची खरेदी. 12,000 फिक्स. घासाघीस करणाऱ्यांनी मेसेज करू नये.

बी-304: परवा टाकलं, कुणी विचारलंसुद्धा नाही. किंमत जास्त वाटतेय का?

ए-702: वहिनी, किंमत ठीक आहे, शेवटचं वाक्य काढा. ज्याला खरंच घ्यायचंय तोही साधी चौकशी करायला बिचकतो. तुम्हाला काहीच कमी करायचं नाहीये का?

बी-304: 11,000 पर्यंत येईन, त्याखाली नाही. "12,000, शेवटचे 11,000" असं लिहू?

ए-702: ते नको. 11 लिहिलेत की तीच तुमची किंमत झाली, बोलणी तिथून खाली सुरू होतात. तो आकडा घरातच ठेवा. "किंमत बोलून ठरवू" असं मोघमही नको, मग लोक 6 पासून सुरुवात करतात. लिहा, "12,000. मशीन चालवून बघा, पसंत पडलं तर थोडंफार बोलू." 'थोडंफार' म्हणजे पाच-दहा टक्के, एवढं सगळ्यांना कळतं. आणि बोलणी मशीन बघितल्यावरच. न बघता मेसेजवर आकडे टाकत बसण्यात दोघांचाही वेळ जातो.

सी-105: माझी किंमत ठाम असते तेव्हा मी कारण लिहिते. मुलीच्या सायकलला लिहिलं होतं, "3,500. दोन्ही टायर नवे टाकलेत, ते धरूनच किंमत लावली आहे, त्यामुळे यात कमी करता येणार नाही." लगेच गेली, कुणाला रागही आला नाही.

ए-702: छान लिहिलंत. फक्त एकदा ठाम म्हटलं की पाळायचं. एकाला गुपचूप 3,200 ला दिलं की आधी विचारून गेलेला दुखावतो. उतरवायचीच असेल तर पोस्टमध्येच उतरवावी, सगळ्यांना दिसेल अशी.

वहिनी, ड्रम बांधायचे ट्रान्झिट बोल्ट आहेत का? असतील तर नक्की लिहा. ते न लावता फ्रंट लोड हलवलं तर आतलं सस्पेन्शन खराब होऊ शकतं.

बी-304: आहेत, जपून ठेवलेत. आता बघा:

"फ्रंट लोड वॉशिंग मशीन, 7 किलो, 2021. बिल, स्टँड, ट्रान्झिट बोल्ट सोबत. किंमत 12,000. घरी येऊन एक लोड चालवून बघा, पसंत पडलं तर थोडंफार बोलू. काढून नेण्याचा खर्च घेणाऱ्याचा."

डी-201: वहिनी, 10 ला जमेल का?

बी-304: 10 ला नाही जमणार भाऊ. पण येऊन बघा तर खरं. आवडलं तर थोडं कमी करेन.

डी-201: चालेल, आज 7 नंतर मिसेसना घेऊन येतो. काढायला प्लंबर लागेल का?

बी-304: पाण्याचा पाइप आम्ही काढून ठेवू. तुम्ही उचलायला दोन माणसं आणा, बोल्ट मी समोर लावून देते.