एक्झिट इंटरव्ह्यूत सगळे ‘पगार’ म्हणतात. खरं मानायचं का?

खुर्चीबदल: आमचं ग्राहकसेवेचं काम, माणसं २००. गेल्या वर्षी ६० जण सोडून गेले, म्हणजे टर्नओव्हर ३० टक्के. एक्झिट इंटरव्ह्यूत बहुतेकांनी कमी पगाराचं कारण दिलं, म्हणून पगार वाढवले. तरी गळती तशीच. आता साहेब म्हणतात, इंटरव्ह्यू बंद करा आणि त्याऐवजी इंडक्शन, म्हणजे नव्यांचं सुरुवातीचं प्रशिक्षण, ५ दिवसांचं १० दिवसांचं करा. मी एचआरमध्ये नवी आहे. हे बरोबर आहे का?

ताळेबंद: टर्नओव्हर ३० टक्क्यांनी घटला की वाढला? आणि उलाढाल कमी झाली असताना पगार वाढवले कसे?

स्पष्टवक्ता: ताळेबंदराव, उलाढाल नाही, माणसं सोडून जाण्याचं प्रमाण.

प्रश्नाबद्दल: इंटरव्ह्यू खुशाल बंद करा. जाणारा माणूस खरं कशाला बोलेल? त्याला अनुभवपत्र हवं असतं, शेवटचा हिशोब अडकलेला असतो, उद्या नव्या कंपनीने चौकशी केली तर इथूनच उत्तर जाणार असतं. ‘पगार’ हे सगळ्यात सभ्य कारण, त्याने कुणाचं नाव घ्यावं लागत नाही. विचारायचंच असेल तर जे अजून टिकून आहेत त्यांना विचारा.

दुपारचाचहा: अगदी. माझा एक्झिट इंटरव्ह्यू ज्यांच्यामुळे सोडलं त्याच मॅनेजरसाहेबांनी घेतला होता. समोर फॉर्म, हातात पेन, ‘बोला, मोकळेपणाने बोला.’ मी ‘घरगुती कारण’ लिहून मोकळी झाले. त्या कंपनीच्या आकडेवारीत मी आजही घरगुती कारणाने गेलेली बाई आहे.

जुनाजाणता: स्पष्टवक्ता अर्धं बरोबर बोलताहेत. लोक कारण सौम्य करून सांगतात हे खरंच, पण मला त्याआधीचा प्रश्न पडलाय. खुर्चीबदल, ६० जण गेले, त्यातल्या किती जणांचे इंटरव्ह्यू झाले? आणि वर्षाच्या पहिल्या दिवशी जे २०० होते, त्यातले किती आज आहेत?

खुर्चीबदल: इंटरव्ह्यू २२ झाले. बाकीचे नोटीस न देताच यायचे बंद झाले, त्यांचा फॉर्म भरायला कुणी सापडलंच नाही. आणि पहिल्या दिवशीच्या २०० पैकी १८४ आजही आहेत. मलाच धक्का बसला.

जुनाजाणता: मग गंमत बघा. जुन्यांपैकी गेले फक्त १६. वर्षभरात तुम्ही ६० नवे घेतले असणार, कारण आजही माणसं २००च आहेत. त्या ६० पैकी ४४ वर्ष संपायच्या आत गेले. जुने ९२ टक्के टिकले आणि तरी टर्नओव्हर ३० टक्के, कारण त्याच थोड्या खुर्च्यांवर माणसं पुन्हा पुन्हा बदलताहेत. दुसऱ्या कंपनीत हाच ३० टक्के आकडा सगळे जुनेच गेले म्हणूनही येऊ शकतो. नुसत्या टर्नओव्हरवरून हा फरक कळत नाही.

आता ते २२ इंटरव्ह्यू कुणाचे ते पाहा. माझा अंदाज, बहुतेक त्या १६ जुन्यांचे. ते रीतसर राजीनामा देतात, नोटीस भरतात, म्हणून हाती लागतात. त्यांचं पगाराचं कारण खरंही असेल. पण तुमची गळती त्यांची नाहीच. जे बोलले त्यांच्यावर उपाय झाला आणि जे न बोलता गेले त्यांना कुणी विचारलंच नाही.

खुर्चीबदल: तपासलं. २२ पैकी १५ जुने, ७ नवे. आणि ४४ नव्यांची सोडण्याची तारीख काढली. पहिल्या २ आठवड्यांत ६, तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात ३१, नंतर ७.

स्पष्टवक्ता: म्हणजे साहेबांचंच बरोबर निघालं की. नवे जातात, तर इंडक्शन वाढवा.

जुनाजाणता: घाई होतेय. इंडक्शन ५ दिवसांचं आहे आणि तेवढ्यात कुणी फारसं जात नाही. वर्गात बसून स्लाइड बघणं कुणाला जड जात नसतं. पहिल्या २ आठवड्यांतच झुंबड असती, तर मी म्हटलं असतं की मुलाखतीत सांगितलेलं काम आणि प्रत्यक्षातलं काम यात तफावत आहे, भरतीकडे बघा. तुमची माणसं इंडक्शन संपून, खऱ्या कामावर बसून, मग जाताहेत.

नवं काही नाही यात. लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेतल्या राइस, हिल आणि ट्रिस्ट यांनी १९५०मध्येच हे मांडलं होतं. रुजू झाल्यावर आधी कसोटीचा काळ येतो, त्याला ते इंडक्शन क्रायसिस म्हणाले. मग जुळवून घेण्याचा, आणि त्यातून निभावला तर माणूस स्थिरावतो. ५ दिवसांचं इंडक्शन संपलं म्हणून तो काळ संपत नाही. ते ३१ जण कोणत्या टीममधले?

खुर्चीबदल: रात्रपाळीच्या दोन टीममध्ये २४ नवे दिले होते, त्यातले २० याच काळात गेले. बाकी टीममध्ये ३६ नवे, गेले ११. इंडक्शन सगळ्यांचं दिवसाच होतं. प्रशिक्षकही दिवसाच असतात. रात्री टीम लीडर स्वतः कॉल घेतात.

जुनाजाणता: म्हणजे तिसऱ्या आठवड्यात पोरगा रात्री दोन वाजता चिडलेल्या ग्राहकासमोर एकटा, आणि विचारायला शेजारी कुणी नाही. इथे दिवसाचे आणखी ५ दिवस काय करणार? त्या १० आठवड्यांत रात्री एक जुना माणूस कॉलवरून मोकळा करून नव्यांच्या शेजारी बसवा, मग तारखा पुन्हा मोजा.

स्पष्टवक्ता: किंवा सरळ गोष्ट, रात्रपाळी लोकांना नको असते. शेजारी कुणी बसलं म्हणून झोप पुरी होत नाही.

खुर्चीबदल: पण गेलेल्या १६ जुन्यांपैकी रात्रीचे फक्त ४ आहेत.

स्पष्टवक्ता: असणारच! ज्यांना रात्र सोसते तेच जुने होतात. न सोसणारे तिसऱ्याच महिन्यात गेले. यावरून काही सिद्ध होत नाही.

जुनाजाणता: हा मुद्दा मान्य, याला माझ्याकडे चटकन उत्तर नाही. दोन्ही कारणं एकाच ठिकाणी दिसतात. एका टीममध्ये शेजारी माणूस बसवून आणि दुसरी आहे तशी ठेवून फरक पाहता येईल, पण १२-१२ माणसांत दोन-चारांचा फरक योगायोगानेही पडतो. निदान दोन-तीन तुकड्या जाऊ द्याव्या लागतील.

दुपारचाचहा: गेलेल्यांनाच फोन करून विचारलं तर? मला सोडून चार महिन्यांनी कुणी तिऱ्हाइताने विचारलं असतं, तर मी सगळं सांगितलं असतं. तोवर हिशोबही मिळाला होता आणि रागही निवला होता.

जुनाजाणता: उत्तम. एचआरमधल्या किंवा बाहेरच्या माणसाने करावा, त्यांच्या टीम लीडरने नव्हे. आणि ‘का सोडलं’ असं विचारू नका, पुन्हा ‘पगार’च येईल. ‘उद्यापासून यायचं नाही हे कोणत्या दिवशी ठरवलं, त्या दिवशी काय झालं होतं’ असं विचारा. दिवस विचारला की माणूस प्रसंग सांगतो. प्रसंग झोपेचा निघतो की एकटेपणाचा, तेही कळेल.

स्पष्टवक्ता: २० जणांतले ५ उचलतील फोन.

खुर्चीबदल: आज ७ जणांना लावले. तिघांनी उचलला. दोघांनी तोच कॉल सांगितला, पैसे परत मागणाऱ्या ग्राहकाचा, तो कुणाकडे पाठवायचा हे रात्री माहीतच नसतं म्हणे. तिसरा म्हणाला, रात्रीची ड्युटी आहे हे रुजू झाल्यावर कळलं.

स्पष्टवक्ता: बघा, तिसरा माझा.

ताळेबंद: आणि ६० जणांच्या भरतीचा खर्च किती झाला, तो कुणी धरलाय का?