मदत हवी आहे: अ‍ॅडमिशनला नकार कळवायचा आहे, पण पुढच्या वर्षी परत अर्ज करायचा आहे

कालवं_बेड (११ एप्रिल, रात्री)
पत्राचा मसुदा हवा आहे. नकार द्यायचा, पण त्यांना राग येता कामा नये आणि पुढच्या वर्षी दार उघडं राहायला हवं. नेटवरचे नमुने सगळे एकाच छापाचे आहेत. प्लीज लवकर सांगा, दिवस कमी आहेत.

देवगडकर
कॅप राउंडची सीट आहे का? मग पत्राबित्राची गरज नाही, लॉगिनमधून अ‍ॅडमिशन कॅन्सल कर. कॉलेजात मूळ कागद दिले असतील तर ते परत मागायचा लेखी अर्ज दे आणि त्यावर पोच घे. तोंडी सांगितलंस तर हेलपाटे घालत बसशील.

कालवं_बेड
कॅप नाही हो. अमेरिकेतलं आहे, एमएस.

शिरगाव_जेटी
कुठला विषय, कधीपासून, आणि पैसे कोण देणार होतं? यावर पत्र कोणाला जाणार ते ठरतं. स्वतःच्या खर्चाने जाणाऱ्याचं पत्र कार्यालयाला जातं. असिस्टंटशिप असेल तर ते आधी प्रोफेसरला जातं.

कालवं_बेड
फिशरीज. ऑगस्टपासून. असिस्टंटशिप आहे, कालवांच्या हॅचरीवरचा प्रोजेक्ट. घरच्या कारणामुळे एक वर्ष रत्नागिरी सोडता येणार नाही.

आबा_मालवण
अरे मग पत्र कित्याक धाडतंस? गप रव. मुदत संपली की ऑफर आपोआप जाता. आपण होऊन 'नाय' म्हणूक जावचा नाय.

शिरगाव_जेटी
आबा, पोर्टलपुरतं तुमचं बरोबर आहे, तिथली ऑफर आपोआप बाद होते. पण प्रोफेसरकडे बहुधा एकाच विद्यार्थ्याचे पैसे असतात. हा गप्प बसला तर त्याला दुसऱ्या नंबरच्या मुलाला विचारता येत नाही, आणि तोवर तो मुलगा दुसरीकडे हो म्हणून मोकळा होतो. पुढच्या वर्षी अर्ज वाचणारा तोच प्रोफेसर असणार. नकार कोणी लक्षात ठेवत नाही. आपल्यामुळे जागा रिकामी राहिली, ते मात्र राहतं.
अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांचा आपसात ठराव आहे की असिस्टंटशिपच्या ऑफरला १५ एप्रिलपर्यंत उत्तराची सक्ती करायची नाही. म्हणून १५ च्या आत कळव. तिथल्या पूर्व किनाऱ्यावरची १५ ची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे १६ ची सकाळ साडेनऊ, पण तेवढं ताणू नकोस.

वेंगुर्ल्याची_ताई
नकार कशाला? डिफर माग ना. एक वर्ष पुढे ढकल, काम झालं.

शिरगाव_जेटी
स्वखर्चाचा असता तर मीही तेच म्हटलं असतं. इथे पगार प्रोजेक्टच्या अनुदानातून येतो आणि ते काम येत्या हंगामात व्हायचं आहे. कालवांचं बीज याच्यासाठी वर्षभर थांबणार नाही. अ‍ॅडमिशन डिफर झालीच तरी पैसे सोबत येतील असं नाही. आणि एकाच पत्रात नकारही आणि डिफरची विचारणाही असली, तर वाचणाऱ्याला ही जागा मोकळी झाली की नाही तेच कळत नाही.

वेंगुर्ल्याची_ताई
विचारायला काय जातं? काही ठिकाणी देतातही.

शिरगाव_जेटी
देतात, पण मग नकार न देता फक्त तेवढंच विचारायचं. चार दिवस उरलेत, ताई.
@कालवं_बेड, आजवर कुठे 'हो' म्हणाला आहेस का? पोर्टलवर, मेलमध्ये, कॉलवर? व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो आय-२० फॉर्म आला आहे का?

कालवं_बेड
पोर्टलवर काही दाबलेलं नाही. आय-२० नाही. ४ मार्चला प्रोफेसरांना मेलवर 'मी येतोय' असं लिहिलं होतं.

आबा_मालवण
मेल्या, ह्या आधी सांगूचा ना!

शिरगाव_जेटी
मग हा नुसता नकार नाही, दिलेला होकार मागे घेणं आहे. नेटवरचे नमुने इथे चालणार नाहीत, कारण त्यांत होकाराचा उल्लेखच नसतो. १५ च्या आत होकार मागे घेता येतो, त्याची भीती बाळगू नकोस. पण ते स्पष्ट लिहायला हवं. मेलच्या विषयात अर्जाचा नंबर टाक, म्हणजे तोच मेल कार्यालयाला पुढे पाठवता येईल:

```
Declining offer: MS Fisheries, Fall, Application ID ______
```

मजकूर साधारण असा, इंग्रजी तुझं तू कर:

"तुमच्या प्रयोगशाळेतली असिस्टंटशिप आणि एमएसचा प्रवेश मी स्वीकारू शकत नाही. ४ मार्चला मी होकार कळवला होता, तो मागे घेत आहे आणि त्याबद्दल तुमची माफी मागतो. घरच्या जबाबदारीमुळे पुढचं एक वर्ष मला इथेच राहावं लागणार आहे. ही जागा आपण लगेच दुसऱ्या विद्यार्थ्याला देऊ शकता. कालवांच्या बीजनिर्मितीवरच काम करायचं आहे, म्हणून पुढच्या वर्षीच्या प्रवेशासाठी पुन्हा अर्ज करायचा माझा विचार आहे. ऑगस्टमध्ये आपल्याला लिहीन. मुलाखतीसाठी आणि ऑफरसाठी आपण दिलेल्या वेळाबद्दल आभारी आहे."

नकार पहिल्याच वाक्यात हवा. आभाराचे दोन परिच्छेद आधी आले की वाचणारा होकार समजून पुढे जातो. माफी एकदाच. आणि 'पुढच्या वर्षी जागा ठेवाल का' असं विचारू नकोस, कारण त्याचं उत्तर आज त्याच्याकडेही नाही. 'लिहीन' म्हटलंस की त्याच्यावर काही ओझं पडत नाही, आणि ऑगस्टमध्ये तुला मेल करायला निमित्त राहतं.

वेंगुर्ल्याची_ताई
कारण अजिबात लिहू नये. खाजगी असतं ते.

शिरगाव_जेटी
आजारपणाचा तपशील नको, हे खरं. पण 'वैयक्तिक कारण' एवढंच लिहिलं की दुसरीकडे चांगली ऑफर मिळाली असाच अर्थ निघतो. एक वर्षाने संपणारं कारण असेल तर ते 'एक वर्ष' लिहिलेलं बरं.

वेंगुर्ल्याची_ताई
मला नाही पटत. पुढच्या वर्षी तीच अडचण राहिली तर?

देवगडकर
टोफेलचं बघ. दोनच वर्षं चालतो. जीआरई पाच.

कालवं_बेड
टोफेल गेल्या ऑक्टोबरचा.

शिरगाव_जेटी
मग येत्या डिसेंबरच्या अर्जाला चालेल. अर्ज मात्र नव्याने भरावा लागतो, फीसकट. शिफारसपत्रंही नवीन लागतील असं धर आणि शिरगावच्या फिशरीज कॉलेजातल्या सरांना आत्ताच कल्पना दे. व्हिसाआधी भरायच्या सेव्हिस फीचे ३५० डॉलर भरले नाहीयेस ना? आय-२० नाही म्हणजे नसणारच.

कालवं_बेड (१२ एप्रिल)
प्रोफेसरांना मेल गेला. पोर्टलवर `Decline` दाबलं की कारण निवडायला लावतंय: दुसरी संस्था, आर्थिक, वैयक्तिक, इतर. काय निवडू?

शिरगाव_जेटी
वैयक्तिक. मेलमध्ये एक आणि पोर्टलवर दुसरं असं होऊ देऊ नकोस. आणि ते पान पुढे गेल्यावर येणाऱ्या पोचीची पीडीएफ ठेव.

कालवं_बेड (१३ एप्रिल)
उत्तर आलं. "कळवल्याबद्दल धन्यवाद, घरच्यांची काळजी घे." बस्स. परत अर्ज करण्याबद्दल एक अक्षर नाही. म्हणजे नाराज झाले का?

आबा_मालवण
झाले असतले. होकार दिल्यार नाय म्हटलंस.

शिरगाव_जेटी
दोन ओळींवरून काही कळत नाही. सध्या प्रोफेसर दुसरा विद्यार्थी शोधतोय. यावर उत्तर पाठवू नकोस.

वेंगुर्ल्याची_ताई
एक 'थँक यू' तरी पाठव रे.