कुर्त्यावर सूटचा वेस्टकोट घालावा का?

राखाडी_वेस्टकोटवाला: थ्री-पीस सूटमधला राखाडी वेस्टकोट घरात पडून आहे. बहिणीच्या लग्नात तोच पांढऱ्या कुर्त्यावर घातला तर चालेल का, की वेगळी बंडी शिवून घेऊ? अंगाची छाती 38, कुर्ता तयार मापात 43 आहे. नवरीचा भाऊ म्हणून पाटावर बसणं, कानपिळी, सगळं माझ्याकडेच आहे.

तिरपी_शिवण: घालू नका. समोरून आरशात बघाल तर बरा दिसेल, खरी गडबड पाठीमागे आहे. सूटच्या वेस्टकोटची पाठ अस्तराच्याच चकचकीत कापडाची असते आणि कंबरेला बकलची पट्टी असते. वरून कोट येणार हे गृहीत धरूनच तो कापलेला असतो, त्यामुळे पाठीवर चांगलं कापड कोणी खर्च करत नाही. कुर्त्यावर कोट येत नाही. लग्नात नवरीच्या भावाची पाठ सगळा मांडव बघतो आणि फोटोग्राफरच्या फ्लॅशमध्ये ते सॅटिन चमकतं. बंडीला पुढचंच कापड मागेही असतं, पट्टीबिट्टी काही नसते.

ऐनवेळी_इस्त्री: इतकं कोण बघतं हो? हल्ली निम्मी पोरं कुर्त्यावर वेस्टकोटच घालतात. बंद गळ्याची बंडी घातली की माणूस पंचायत समितीच्या सभापतीसारखा दिसतो. व्ही गळ्यात कुर्त्याची पट्टी, बटणं, भरतकाम छान उघडं राहतं. बंडी गळ्यापर्यंत लावली की ते सगळं आत गेलं. आणि घट्ट होत असेल तर मागची पट्टी सैल करायची, तेवढ्यासाठीच असते ती.

तिरपी_शिवण: व्ही गळ्याचं मान्य, त्यावर वाद नाही. पट्टीचं मात्र तसं नाही. ती कंबरेला ओढते आणि कंबरेलाच सोडते. छातीला आणि मुंढ्याला तिचा काडीचा उपयोग नाही.

आता यांचीच मापं घ्या. सूटचा वेस्टकोट अंगाबरोबरच्या शर्टावर बसवलेला असतो, म्हणजे 38 छातीला तयार माप साधारण 40. त्यात 43 इंचांचा कुर्ता कोंबला की तीन इंच कापड उरतं. ते कुठे जाईल? दोन्ही बगलांत घड्या पडतील आणि थोडं पाठीवर चुण्या होऊन बसेल. त्यात शर्टाला बसतो तो मुंढा आखूड आणि बगलेला लागून असतो, कुर्त्याची बाही मात्र रुंद. कानपिळीला हात वर केला की बाही मुंढ्यात अडकून अख्खा वेस्टकोट वर चढेल आणि हात खाली आला तरी जागेवर येणार नाही.

बंडी शिवताना टेप कुर्त्यावरूनच लावतात. कुर्ता हलका आवळून 39 आलं तर तयार माप 42 ठेवायचं. एक इंच कुर्ता दाबला जातो, तो दिसत नाही. मुंढा शर्टाच्या मापापेक्षा इंचभर खाली उतरवायचा. खांदा कुर्त्याच्या खांद्यापेक्षा अर्धा इंच आत संपवायचा, नाहीतर बंडीचे खांदे बाहीवर पंखासारखे उभे राहतात. तयार बंड्यांत सगळ्यात जास्त खोट इथेच सापडते.

मांजरपाट: आमच्या आजोबांची बंडी मांजरपाटाची होती. पोटावर दोन मोठे खिसे आणि आतून एक चोरखिसा. बाजाराला जाताना पैसे चोरखिशात, तंबाखूची चंची बाहेरच्या खिशात. वरून सदरा कधी असायचा, कधी नसायचा. तशी आता कोणी शिंपी शिवून देईल का? शहरातले शिंपी मापाला नमुना आणा म्हणतात आणि नमुना तर फाटून गेला.

तिरपी_शिवण: फाटका नमुनाही चालतो. उसवून कागदावर ठेवला की आकार मिळतो, एकच बाजू शाबूत असली तरी पुरे. पण तुमची बंडी कामाची आहे, इथला प्रश्न मांडवातल्या बंडीचा. वेगळा धागा काढा, मी येते तिथे.

पाच_काजं: बटणांचा मुद्दा राहिलाच. खालचं बटण नेहमी उघडं ठेवायचं असतं, वेस्टकोट असो की बंडी. नियमच आहे तो.

तिरपी_शिवण: सूटच्या वेस्टकोटला ते बरोबर आहे. त्याची खालची कड दोन टोकं काढून कापलेली असते आणि शेवटचं काज बऱ्याचदा त्या उतारावर येतं. तिथे बटण लावलं की पोटावर आडवी सुरकुती पडते. बंडीची कड सरळ असते, तिला पाचही बटणं लावलेली चांगली दिसतात. फक्त पाटावर मांडी घातली की शेवटच्या बटणावर ताण येतो. म्हणून शिवायला टाकताना सांगायचं की शेवटचं बटण कडेपासून चार इंच वर घ्या. दुकानातली तयार बंडी असेल आणि बटण फार खाली असेल, तर बसताना सोडायचं आणि उठल्यावर लावायचं.

ऐनवेळी_इस्त्री: नवरीच्या भावाने लाह्या द्यायच्या की बटणं मोजायची?

वन्सं_म्हणतात: वेस्टकोटची नुसती पाठ बदलता नाही येणार का? माझ्या दिराचा असाच बदलून घेतला होता. पट्टी काढून मागे दुसरं कापड लावलं. मस्त दिसला.

तिरपी_शिवण: येते. खांदा आणि कुशीच्या शिवणी उसवून पाठ नवी बसवता येते, आणि पाठ थोडी रुंद कापली तर छातीला इंच-दीड इंच मिळतोही. दोन अडचणी आहेत. राखाडी सूटचंच कापड उरलं नसेल तर रंगाची छटा जुळत नाही. उन्हात लगेच कळतं, मग सरळ वेगळ्या रंगाची पाठ लावलेली बरी. दुसरं म्हणजे पुढचा मुंढा तसाच राहतो. तो खोल करायचा तर पुढचं अस्तर मुंढ्यापाशी उसवून परत बसवावं लागतं. चांगला शिंपी हे करेल, पण नाक मुरडेल. दिराचा कुर्ता अंगाबरोबरचा असणार, म्हणून निभावलं.

वन्सं_म्हणतात: हो, कुर्ता घट्टच होता. जेवायला बसल्यावर समजलं.

राखाडी_वेस्टकोटवाला: घालून पाहिला. हात वर केल्यावर खरंच वर चढतो, बगलेत गोळा होतो. बंडीच शिवतो. पण कुर्त्याच्या पट्टीवर चिकनचं काम आहे आणि कुर्त्याला उभी कॉलर आहे. बंडीलाही तशीच कॉलर आली तर मानेला दोन पट्ट्या होतील ना?

तिरपी_शिवण: होतील, आणि वैशाखात घाम पुसत बसाल. बंडीला कॉलर नकोच. गोल गळा घ्या, पुढे नेहमीपेक्षा दोन इंच खोल. कुर्त्याची कॉलर पूर्ण दिसेल आणि कामाचा वरचा भाग उघडा राहील. कॉलर हवीच असेल तर गळा अर्धा इंच उतरवून घ्या, म्हणजे कुर्त्याच्या पट्टीची बारीक पांढरी रेघ वर दिसते. आणि फोन कुर्त्याच्या कुशीतल्या खिशात ठेवू नका. बंडीखाली फुगवटा येतो आणि काढताना बंडी उचलावी लागते. शिंप्याला आतून एक खिसा मागा.

मांजरपाट: चोरखिसा. मी तेच म्हणत होतो.

ऐनवेळी_इस्त्री: म्हणजे चिकनचं काम दाखवायला गळा खोलच करावा लागला. मग व्ही गळ्याने काय घोडं मारलं होतं? बंडीच्याच कापडाची पाठ, उतरवलेला मुंढा आणि पुढे व्ही गळा असं शिवता येत नाही का?

तिरपी_शिवण: शिवता येतं. मला ते कुर्त्यावर आवडत नाही, एवढंच.