शब्दचर्चा: ‘सर्वोत्तम रेषीय अंदाज’ चालेल का?

शाईपेन
अभियांत्रिकीच्या गणिताच्या टिपणांचं मराठी करते आहे आणि एका वाक्यावर अडले आहे. जॅकोबियन मॅट्रिक्स म्हणजे सदिश फलाचं त्या बिंदूपाशी ‘बेस्ट लिनिअर अप्रॉक्सिमेशन’. मी ‘सर्वोत्तम रेषीय अंदाज’ लिहिलं. तपासणाऱ्या सरांनी ‘अंदाज’ खोडून समासात लिहिलं, ‘अंदाज पावसाचा असतो, सन्निकटन करा.’ मला सन्निकटन घशाखाली उतरत नाही. उदाहरण ध्रुवीय निर्देशकांवरून कार्तीय निर्देशकांवर जाण्याचं आहे:

```
x = r cos θ,   y = r sin θ

J = | cos θ   −r sin θ |
    | sin θ    r cos θ |
```

दुसरा शब्द आहे का?

आजोळ
सन्निकटन थेट हिंदीतून उचललेलं आहे. ‘रैखिक’ टाळून तुम्ही आपल्या शाळेतल्या पुस्तकाचं ‘रेषीय’ ठेवलंत आणि ‘निर्देशक’ लिहिलंत, हे फार बरं केलंत. ‘निर्देशांक’ म्हटलं की मराठी माणसाला शेअर बाजार आठवतो. माझं मत ‘आसन्न’ला. आर्यभटाने २०,००० व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ सांगितला आणि त्याला ‘आसन्न’ म्हटलं. दीड हजार वर्षांचा शब्द घरात असताना बाहेर कशाला जायचं?

खडूफळा
शब्दाआधी अर्थ पाहा. जॅकोबियन हा मॅट्रिक्स नव्हेच, तो निश्चयक आहे. इथे त्याचं उत्तर r येतं. दुहेरी समाकलनात `dx dy` च्या जागी `r dr dθ` लिहितो तो हाच r. मी तीस वर्षं असंच शिकवलं. याकोबीचा १८४१ चा लेखसुद्धा निश्चयकांवरच आहे. आणि तो जर्मन होता, तेव्हा ‘जॅकोबी’ नव्हे, याकोबी.

दोन_पावलं
सर, १८४१ चं तुमचं बरोबर आहे, पण आज ते नाव दोन्हींना चालतं आणि ताईंच्या वाक्यात मॅट्रिक्सच हवा. निश्चयक फक्त क्षेत्रफळ किती पट होतं ते सांगतो. बिंदू कोणत्या दिशेला किती सरकला, हे त्या एका r वरून कळत नाही.

माझ्या मते ‘अंदाज’ निरुपद्रवी आहे, खरी अडचण ‘सर्वोत्तम’ची आहे. आकडे घालून पाहू. r = २, θ = ३०°. बिंदू (१.७३२१, १). मॅट्रिक्सची पहिली ओळ ०.८६६ आणि −१, दुसरी ०.५ आणि १.७३२. आता r ०.१ ने वाढवा आणि θ ०.०५ रेडियनने. मॅट्रिक्स सांगतो की x ०.०३६६ ने वाढेल, म्हणजे १.७६८७ होईल. प्रत्यक्षात २.१ ला नव्या कोनाच्या कोसाइनने गुणलं की १.७६३९ येतं. चूक ०.००४८.

आता मी मुद्दाम मॅट्रिक्स बिघडवतो. ०.८६६ च्या जागी ०.८२ ठेवतो. x येतो १.७६४१, चूक जेमतेम ०.०००१५. म्हणजे बिघडवलेला मॅट्रिक्स जिंकला! मग याकोबीचा ‘सर्वोत्तम’ कसा?

पाऊल निम्मं करा. याकोबीची चूक ०.००११८, बिघडवलेल्याची ०.००११२, जवळजवळ बरोबरी. आणखी निम्मं करा. याकोबीची ०.०००२९, बिघडवलेल्याची ०.०००८६. पाऊल निम्मं केलं की याकोबीची चूक पावपट होत जाते. बिघडवलेल्याची पुढे फक्त निम्मीच होत राहते, कारण ०.८६६ आणि ०.८२ मधला फरक पावलाच्या प्रमाणात चुकीत उरतोच. ‘बेस्ट’चा अर्थ एवढाच की चूक पावलापेक्षाही लवकर विरते. कोणत्याही एका ठरावीक पावलावर तो पहिला येईल अशी हमी नाही. ‘सर्वोत्तम’ वाचून मुलं नेमकी तीच हमी धरून बसतात.

आजोळ
मग ‘आसन्नतम’! बिंदूजवळ जाता जाता सगळ्यात जवळचं. अर्थ आपोआप आला.

शाईपेन
आसन्नतम वाचून मुलांना ‘आसन्नमरण’ आठवेल, आजोळ. मुलांनी वाक्य मोठ्याने वाचलं तर ते अडखळू नये, एवढंच मला हवं आहे.

मोजणीदार
मी शेतजमिनीच्या मोजणीचं काम करतो, टोटल स्टेशनवर. अंतर आणि कोन घेतो, x आणि y काढतो, म्हणजे रोज हेच. आमच्याकडे ‘अंदाज’ शब्द चालणारच नाही, हद्दीच्या दगडाचा अंदाज सांगितला तर भांडणं होतील. पण माझी शंका वेगळी आहे. कोनात २० सेकंदांची चूक १०० मीटरवर जवळजवळ १ सेंटिमीटर होते आणि ५० मीटरवर निम्मी. हे त्या मॅट्रिक्समध्ये कुठे दिसतं? शिवाय माझ्या वहीतल्या सूत्राने निश्चयक काढला तर उणे r येतो. माझं चुकतंय का?

दोन_पावलं
दादा, दुसरा स्तंभ पाहा, `−r sin θ` आणि `r cos θ`. त्याची लांबी बरोबर r. कोनातला फरक r ने गुणला जातो आणि बिंदू कडेला सरकतो, तो हा. २० सेकंद म्हणजे ०.००००९७ रेडियन, गुणिले १०० मीटर, ९.७ मिलिमीटर. पहिल्या स्तंभाची लांबी १, म्हणून अंतरातली चूक जशीच्या तशी येते.

उणे r हीही चूक नव्हे. तुम्ही कोन उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने घेता, त्यामुळे तुमचा x हा `r sin θ` आहे आणि y `r cos θ`. दिशा उलटली की चिन्ह उलटतं. क्षेत्रफळासाठी उणे सोडून r घ्या. टिपणांत मात्र ताईंनी रेडियन ठळक लिहावं. ०.०५ रेडियन म्हणजे सुमारे २.९ अंश. मुलं मॅट्रिक्सला २.९ गुणतात आणि बिंदू भलतीकडेच जातो.

खडूफळा
आणि r = ० ला निश्चयक शून्य होतो, तिथे काय म्हणणार?

दोन_पावलं
तिथेही मॅट्रिक्स अंदाज देतोच, सर. फक्त दुसरा स्तंभ शून्य होतो. आरंभबिंदूवर उभं राहून नुसता कोन बदलला तर माणूस हलत नाही, मॅट्रिक्स तेच सांगतो. अडतं ते उलट दिशेला. x आणि y वरून कोन काढायला गेलं की तिथे उत्तर नाही.

गोलंदाज_का_म्हणतात
कुणी ‘अंदाज’ची फोड करून पाहिली नाही. शब्द फारसी आहे, ‘फेकणे’ या क्रियापदाचा. तीर फेकणारा तो तीरंदाज, तोफेचा गोळा फेकणारा तो गोलंदाज. उभ्या जागेवरून सरळ रेषेत नेम धरून फेकायचं आणि वळणावर ते किती चुकतं ते पाहायचं. वर जे आकडे मांडले ते हेच नाही का? मला ‘रेषीय अंदाज’ अगदी नेमका वाटतो.

आजोळ
व्युत्पत्ती मान्य. पण आज शब्द ऐकून मुलाला नेम आठवत नाही, ‘अंदाजे दहा रुपये’ आठवतात. तुमचा अर्थ कोशात राहिला.

मोजणीदार
आमच्या आईचा शब्द ‘अदमास’. पिठात पाणी अदमासाने घालायची, पण भाकरी कधी फाटली नाही. अदमास म्हणजे वाटेल तसं नव्हे, हाताला माहीत असलेलं. तो का नको?

शाईपेन
‘रेषीय अदमास’ लिहून पाहिलं, कानाला चांगलं लागतं. पण ‘सर्वोत्तम’ अजून तसाच आहे. ‘पाऊल लहान होत जाताना सर्वांत जवळचा’ असं केलं तर वाक्य दोन ओळींचं होतं. सरांना आज तेच पाठवते आहे.

खडूफळा
पाठवा, पण ‘याकोबी’ लिहून पाठवा.