गिझरमुळे ईएलसीबी पडतो म्हणून ईएलसीबीच काढून टाकायचा?

रानवारा: गिझरचे बटण दाबले की घरातील ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा भाग, पडत असे. वायरमनने तो काढून १६ अँपिअरचा एमसीबी बसवला आणि त्रास संपला. ईएलसीबी हा विनाकारण डोकेदुखी देणारा भाग आहे, असे माझे मत झाले आहे.

जुना तंत्रज्ञ: याला उत्तर द्यायलाच हवे, कारण हे वाचून आणखी चार जण तेच करतील. कॉइलच्या नळीवर क्षार साचून तिला बारीक भेग पडली की पाणी आतल्या वीज अडवणाऱ्या पांढऱ्या भुकटीत शिरते आणि काही मिलिअँपिअर वीज टाकीकडे गळू लागते. ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी नेमकी हीच गळती पकडतो. एमसीबी फक्त प्रवाह फार वाढला तरच पडतो, त्याला ती दिसतच नाही. तुमच्या अर्थिंगचा रोध २० ओहम आहे असे धरा. उद्या कॉइल पूर्ण फुटून फेज थेट टाकीला लागला, तरी २३० भागिले २० म्हणजे ११.५ अँपिअरच वाहतील. तेवढ्यावर १६चा एमसीबी पडणार नाही, आणि टाकीत व तिला जोडलेल्या लोखंडी नळात वीज उतरलेलीच राहील. त्रास संपलेला नाही, फक्त त्याची सूचना देणारा भाग तुम्ही काढून टाकला आहे.

निशिगंध: एवढे घाबरवण्याचे कारण नाही. आमच्याकडेही हाच प्रकार होता आणि दोष थर्मोस्टॅटचा निघाला. पाणी गरम असताना बटण दाबले तर काहीच होत नसे, गार असताना लगेच पडत असे. थर्मोस्टॅट बदलल्यावर कितीतरी दिवस गिझर व्यवस्थित चालला.

जुना तंत्रज्ञ: आणि नंतर? तुमचे निरीक्षण बरोबर आहे, पण निष्कर्ष नाही. पाणी गरम असताना थर्मोस्टॅट उघडलेला असतो, त्यामुळे फेज कॉइलपर्यंत पोहोचत नाही. पाणी गार झाले की तो जोडला जातो आणि कॉइलची गळती उघडी पडते. थर्मोस्टॅट चिकटला तर पाणी उकळू लागेल, कटआउट उडेल, सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी येईल. पण त्याने ईएलसीबी पडत नाही. गॅस्केटमधून पाणी झिरपून थर्मोस्टॅटच्या टर्मिनलवर आले तर मात्र पडतो, आणि थर्मोस्टॅट बदलताना तुमच्याकडची ती जागा पुसली गेली असावी.

निशिगंध: पुढे पुन्हा पडू लागला हे खरे आहे. तरीही, माझ्या घरात न येता तुम्ही इतक्या खात्रीने बोलावे हे मला पटत नाही.

जुना तंत्रज्ञ: मग स्वतः खात्री करून घ्या. प्लग काढा, नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही, कारण बहुतेक बटणे फक्त फेज तोडतात. कॉइलच्या दोन्ही वायरी सोडवून टोकांना टेप लावा, झाकण बसवा आणि प्लग घालून चालू करा. आता ईएलसीबी टिकला तर दोष कॉइलचा. पडला तर वायरिंगचा किंवा ओल्या टर्मिनलचा. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे.

पूर्वा: माझा गिझर चालू केल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी एमसीबी पडतो. तोही कॉइलचाच दोष का? शिवाय आमच्या भाड्याच्या जुन्या इमारतीत तीन पिनांच्या सॉकेटला अर्थिंगच नाही आणि घरमालक ऐकून घेत नाहीत. अर्थिंग नसताना ईएलसीबीचा उपयोग शून्य आहे, हे इथे कोणी सांगतच नाही.

जुना तंत्रज्ञ: आपला प्रश्न वेगळा आहे. २००० वॅटचा गिझर सुमारे ८.७ अँपिअर घेतो; उशिराने पडणाऱ्या एमसीबीत बहुधा सैल स्क्रू तापतो. एमसीबीच्या टर्मिनलवर काळपट डाग आहे का, हे पाहायला सांगा. ईएलसीबीबद्दल मात्र आपण चुकत आहात. आजचा ईएलसीबी फेज आणि न्यूट्रलमधील प्रवाहांचा फरक मोजतो, त्यासाठी त्याला अर्थिंग लागत नाही.

निशिगंध: जुन्या ईएलसीबींना अर्थची वायर लागत असे. पूर्वाताईंचे अगदीच चूक नाही.

जुना तंत्रज्ञ: जुन्या प्रकाराबद्दल ते मान्य. पण नव्यातही एक फरक राहतो: अर्थिंग असेल तर गळती सुरू होताच तो पडतो, नसेल तर माणसाचा हात लागेपर्यंत थांबतो.

पूर्वा: म्हणजे आधी झटका आणि मग सुटका. याला मी सुरक्षितता म्हणणार नाही. अर्थिंगचा खर्च भाडेकरूने करायचा का, हेही कोणी सांगावे.

रानवारा: माझ्या पोस्टवर घरमालकांचा वाद कशाला? वायरमनने मल्टिमीटर लावून कॉइल चांगली असल्याचे दाखवले होते, त्याचे काय?

जुना तंत्रज्ञ: मल्टिमीटर काही व्होल्टवर मोजतो, ओलसर भुकटी तेवढ्यावर तग धरते आणि २३० व्होल्टवर हार मानते. ५०० व्होल्टवर रोध मोजणारा मेगर लावून कॉइलची पिन आणि टाकी यांमधील रोध पाहायला सांगा. तो १ मेगओहमच्या खाली आला तर कॉइल बदला. तोपर्यंत गिझरचा प्लग काढून ठेवा आणि ईएलसीबी आजच परत बसवून घ्या.

रानवारा: मेगर लावून घेईन. तो कॉइल चांगली दाखवेल, तर माझे मत कायम राहील.