मदत हवी आहे: वाळूची पार्यता, सूत्राची धरू की बोअरची?

मंडळी, बाणावलीत तळघर खणायचंय, पंप ठरवायचेत. चाळण चाचणीत d10 0.08 मिमी, d60 0.72. हेझेनचं ढोबळ k = d10² (व्यास मिमीत, k सेमी/सेकंदात) 0.0064 देतं, बोअरमध्ये पाणी ओतून मोजलं तर 0.0004, म्हणजे सोळापट कमी!

हेझेनचं सूत्र सुट्या, एकसारख्या वाळूसाठी: d10 0.1 मिमीच्या वर, d60/d10 पाचाच्या आत. इथे ते नऊ, शिवाय वाळू चोळली की बोटं तांबडी होतात. घट्टपणा तर सूत्रात येतच नाही. कोझेनी-कारमनला पोकळीचं प्रमाण लागतं, पण अखंड नमुना निघत नाही.

मात्र ओतलेल्या पाण्यातल्या गाळाने बोअरचा तळ बुजला असेल, तर तो आकडाही खोटाच. पाणी उपसून पातळी चढताना मोजू, की थेट पंपिंग टेस्ट? किनारपट्टीवर कोणी केलंय का?