शब्दचर्चा: ‘ऑपरेशनलाइज करणे’ याला मराठीत काय म्हणायचं?

शहापूर-बेळगाव

एम.एड.चा प्रबंध मराठीत लिहितेय. मार्गदर्शक बाईंनी विचारलं, “बुद्धिमत्ता ऑपरेशनलाइज कशी केलीस, ते आधी लिही.” मी ‘बुद्धिमत्ता कार्यान्वित केली’ असं लिहिलं, तर त्यावर लाल रेघ आली. योग्य शब्द सुचवा.

संदर्भासाठी सांगते. चौथीची मुलं घेतली, निम्मी मराठी माध्यमाची, निम्मी कन्नड माध्यमाची. सेकंदाला एक अंक या गतीने अंक वाचून दाखवायचे आणि मुलाने त्याच क्रमाने परत म्हणायचे. तीन अंकांपासून सुरुवात करून लांबी, म्हणजे अंकांची संख्या, वाढवत न्यायची. एका लांबीचे दोन्ही प्रयत्न चुकले की थांबायचं. ज्याच्या त्याच्या शाळेच्या भाषेत घेतलं. मराठी माध्यमाची मुलं सरासरीने पुढे निघाली, म्हणून निष्कर्षात ‘मराठी माध्यमाच्या मुलांची बुद्धिमत्ता अधिक’ असं लिहिलंय.

निपाणीकर

ताई, ‘कार्यान्वित’ होते ती पाणीयोजना, नवा कायदा. इथे तो शब्द चालणार नाही. पाठ्यपुस्तकांत ‘कार्यात्मक व्याख्या’ असतं, पण मला ‘क्रियात्मक व्याख्या’ बरा वाटतो, कारण कोणत्या क्रियेने मोजलं तेच तर सांगायचं असतं. ब्रिजमन या भौतिकशास्त्रज्ञाने 1927 मध्ये हाच विचार मांडला होता: लांबी म्हणजे लांबी मोजण्याच्या क्रिया, त्यापलीकडे काही नाही. त्याच्याही आधी, 1923 मध्ये, मानसशास्त्रज्ञ बोरिंगने लिहिलं होतं की बुद्धिमत्ता म्हणजे बुद्धिमापन चाचणी जे मोजते ते. तेव्हा तुम्ही एकदा ‘बुद्धिमत्ता म्हणजे अंक परत म्हणण्याची लांबी’ असं लिहून ठेवलंत की विषय संपला. निष्कर्षावर कुणी बोट ठेवू शकत नाही.

खानापूर, हत्तरगुंजीकडचा

आमचे आजोबा शेत एकरात सांगत नव्हते. “पाच पायली पेरणीचं” असं म्हणायचे. किती भात पेरलं की शेत भरतं, ते माप. बियाणं किती आणायचं हे ठरवायला ते एकदम बरोबर होतं. पण वाटणीच्या वेळी त्याच मापावरून भावाभावांत वाद झाला, कारण रोप लावायच्या शेताला आणि वर धूळपेरणी करायच्या शेताला बी सारखं लागत नाही. पायली तीच, जागा वेगळी. तुमच्या प्रश्नात हे बसतंय का बघा की.

धारवाडकर (निवृत्त, मानसशास्त्र)

खानापूरकर, बसतंय, आणि निपाणीकरांना उत्तर तुमच्या शेतातच आहे. पायलीने मोजलं म्हणून कुणी चूक केली नव्हती. बियाण्याचं माप जमिनीचं माप म्हणून वाटणीत वापरलं, तिथे चूक झाली. ‘बुद्धिमत्ता म्हणजे अंकांची लांबी’ अशी व्याख्या केली तर वाक्याच्या शेवटीही ‘अंकांची लांबी’ एवढंच लिहायला हवं. तिथे परत ‘बुद्धिमत्ता’ लिहिलं की वाचणारा आपल्या मनातला जुना, मोठा अर्थ घेतो. शिवाय प्रत्येक चाचणी म्हणजे एक वेगळी संकल्पना मानली, तर दोन चाचण्या एकाच गोष्टीबद्दल बोलतात असं कधी म्हणताच येणार नाही.

आता शहापूरच्या बाईंसाठी. 4-9-2-7-1-8-5 हे अंक मराठीत म्हणा: चार, नऊ, दोन, सात, एक, आठ, पाच. उच्चाराचे आठ तुकडे. आता कन्नडमध्ये: नाल्कु, ओंबत्तु, एरडु, एळु, ओंदु, एंटु, ऐदु. सोळा. बरोबर दुप्पट.

याने काय बिघडतं? ऐकलेले अंक मूल मनातल्या मनात घोळवत ठेवतं. बॅडली आणि सहकाऱ्यांनी 1975 मध्ये दाखवलं की साधारण दोन सेकंदांत जेवढे शब्द उच्चारून होतात, तेवढेच असे लक्षात राहतात. शब्द लांबले की संख्या घटते. 1980 मध्ये एलिस आणि हेनेली यांनी वेल्श आणि इंग्रजी दोन्ही येणाऱ्या लोकांना घेतलं. वेल्श आकडे म्हणायला जास्त वेळ लागतो, आणि त्याच माणसांची अंकांची लांबी वेल्शमध्ये कमी भरली. माणूस तोच, बुद्धी तीच.

म्हणजे तुमचा फरक मुलांमधला नसून ‘एक’ आणि ‘ओंदु’ यांच्यातला असू शकतो. अंक परत म्हणायला लावणं बिनेच्या धर्तीच्या बुद्धिमापन चाचण्यांत सुरुवातीपासून आहे. आमच्या धारवाडला व्ही. व्ही. कामतांनी 1930 च्या दशकात त्या चाचण्या कन्नड आणि मराठी मुलांसाठी बसवल्या, त्यामुळे हा प्रश्न आपल्याच मातीतला आहे.

शहापूर-बेळगाव

सर, वाचून पोटात गोळाच आला. सगळं परत करायचं का?

धारवाडकर

नाही, मुलं तीच ठेवा. आधी प्रत्येक मुलाकडून पन्नास अंकांची यादी जमेल तेवढ्या वेगाने वाचून घ्या आणि घड्याळ लावा. ज्यांचं वाचन जलद त्यांचीच लांबी जास्त भरतेय आणि वेग लक्षात घेतल्यावर माध्यमाचा फरक उरत नाही, असं दिसलं तर संशय खरा.

दुसरं, बेळगावात एक सोय आहे जी धारवाडलाही सहज मिळत नाही. घरी मराठी आणि शाळेत कन्नड अशी मुलं शोधा आणि दोन्ही भाषांत चाचणी घ्या. अर्ध्यांना मराठी आधी, अर्ध्यांना कन्नड आधी, नाहीतर सरावाचा फायदा एकाच भाषेला जाईल. मात्र शाळेत शिकलेले आकडे कन्नडचे आहेत, त्यामुळे सवय एका बाजूला ओढेल आणि उच्चाराची लांबी दुसऱ्या बाजूला, हे ध्यानात ठेवा.

तिसरं, आकडेच नकोत. नऊ ठोकळे मांडा, तुम्ही ज्या क्रमाने बोट लावाल त्याच क्रमाने मुलाने लावायचं. तिथेही मराठी माध्यम पुढे आलं तर फरकाचं कारण नुसत्या आकड्यांच्या उच्चारात शोधता येणार नाही. मग बोलायला काहीतरी आहे. तरीही ते ‘बुद्धिमत्ता’ नव्हे, ‘क्रम धरून ठेवणे’ एवढंच.

चिकोडी, प्राथमिक शिक्षिका

सर, एक शंका. आमच्याकडची पोरं ‘ओंदु’ नीट म्हणतात कुठं, बोलताना शेवटचा उकार गिळतात. मग तुमचे सोळा तुकडे कमी होतात. आणि फोन नंबर तर सगळीच इंग्रजीत पाठ करतात. तुम्ही कन्नडमध्ये आकडे वाचले आणि पोरानं मनात ‘फोर नाइन टू’ घोळवलं तर?

धारवाडकर

बाई, हे मी लिहायला हवं होतं. तुकडे मोजणं हा अंदाज आहे, खरं माप लागणारा वेळ, म्हणून घड्याळ सांगितलं. इंग्रजीत घोळवण्याचं मात्र माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. चाचणी झाल्यावर मुलाला “मनात कसं म्हणत होतास?” एवढं विचारून नोंद ठेवता येईल, पण नऊ वर्षांचं मूल ते नेमकं सांगेलच असं नाही.

निपाणीकर

बोरिंगचं वाक्य मी संरक्षण म्हणून वापरलं, ते मागे घेतो. पण शब्दावर ठाम आहे, ‘क्रियात्मक व्याख्या’.

धारवाडकर

नामासाठी चालेल. क्रियापद मात्र हवंच, आणि ‘क्रियात्मकीकरण करणे’ माझ्या तोंडात बसत नाही. मी वर्गात ‘संकल्पना मापात उतरवणे’ म्हणायचो. उतरवताना काही वरच राहतं, हे त्या शब्दात ऐकू येतं, म्हणून मला आवडतो.

खानापूर, हत्तरगुंजीकडचा

‘मापाला लावणे’ म्हणा की. आमच्याकडे भात मापाला लावतात.

शहापूर-बेळगाव

प्रबंधात ‘मापात उतरवणे’ लिहिते. निष्कर्षाचं वाक्य आज खोडलं. त्या जागी तूर्त असं लिहिलंय: ‘स्वतःच्या माध्यमभाषेत अंक परत म्हणताना मराठी माध्यमाच्या मुलांची लांबी जास्त आढळली. मराठी आणि कन्नड अंकांना उच्चारायला लागणारा वेळ यात वेगळा काढलेला नाही.’ चिकोडीच्या बाई, तुमच्या वर्गात घरी मराठी बोलणारी किती मुलं असतील? सोमवारी घड्याळ घेऊन आले तर चालेल का?